भाडेकरार नोटरी केलेला आहे, रजिस्टर नाही. मग डिपॉझिटचं काय?

सांगली असो वा सातारा, खोली घेताना ठरलेलं वाक्य ऐकू येतं : "अकरा महिन्यांचाच तर करार आहे, नोटरी केली की झालं." वकील म्हणून सांगतो, हा गैरसमज आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 सांगतं, की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदणीकृतही हवा. अकरा महिन्यांचा असला तरी सूट नाही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

भाडेकरूच्या खरी कामाची ओळ पुढे आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे घरमालकाला सिद्ध करावं लागतं.

समजा, विश्रामबागेत तुम्ही 8,000 रुपये भाड्याने फ्लॅट घेतला आणि 30,000 डिपॉझिट दिलं. एक महिन्याची नोटीस तोंडी ठरली होती. सोडताना मालक म्हणतो, "नोटीस तीन महिन्यांची ठरली होती, 16,000 कापणार." करार रजिस्टर नसेल, तर तुमचा एक महिना आधी धरला जाईल.

पण याला मर्यादा आहेत. तीन महिन्यांची अट असलेल्या नोटरीच्या कागदावर तुमची सही असेल, तर मालक तोच पुरावा म्हणून दाखवेल. मालकाला व्हॉट्सॲपवर "हो, तीन महिने" असं लिहिलं असेल तरी तेच. शिवाय डिपॉझिट रोखीने दिलं आणि पावती नसेल, तर मुळात पैसे दिले होते हेच सिद्ध करताना दमछाक होते. म्हणून डिपॉझिट बँकेतून किंवा यूपीआयनेच द्या. आणखी एक, हा कायदा ठरवून दिलेल्या शहरी भागांना लागू आहे. खेड्यात राहत असाल, तर आधी वकिलाला विचारा.

तुमचा करार रजिस्टर आहे का, हे कसं ओळखाल? नोटरीच्या कागदावर फक्त नोटरीचा शिक्का आणि सही असते. नोंदणीकृत करारावर दुय्यम निबंधक कार्यालयाचा दस्त क्रमांक असतो, दोघांचे फोटो आणि अंगठेही असतात.

पैसे अडकलेच, तर आधी स्पीड पोस्टाने लेखी मागणी करा. नाही दिले, तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. दावा न लावताही तिथे तडजोडीचा प्रयत्न होतो. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे वकीलही मोफत मिळतो. तिथेही जमलं नाही, तर दिवाणी न्यायालय आहेच.