एक फेब्रुवारी की दोन जानेवारी?

पुण्यात बसून अमेरिकेतल्या छोट्या दुकानदारांचे, दंतवैद्यांचे, कंत्राटदारांचे हिशेब लिहिणारी बरीच कार्यालयं आहेत. गिऱ्हाईक बँकेचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये पाठवतं. इथला कर्मचारी त्यातल्या ओळी एखाद्या साधनाने एक्सेलमध्ये काढून घेतो आणि क्विकबुक्स ऑनलाइनसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवतो. ओळी बाहेर काढणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. खरं काम असतं ते त्या ओळी सॉफ्टवेअरला हव्या त्याच साच्यात बसवण्याचं.

साचा दिसायला अगदी साधा आहे. क्विकबुक्सला सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली मजकुराची फाइल चालते. त्यात तीन रकाने लागतात: `Date`, `Description` आणि `Amount`. जमा रक्कम तशीच लिहायची आणि खात्यातून गेलेल्या रकमेआधी उणे चिन्ह लावायचं. जमा आणि खर्च वेगळे ठेवायचे असतील तर `Credit` आणि `Debit` असे दोन रकाने करता येतात, पण तिथे शीर्षकात `Amount` हा शब्द जोडायचा नाही आणि रिकाम्या जागी शून्य न लिहिता ती रिकामीच ठेवायची. शीर्षकं पहिल्याच ओळीत हवीत. बँकेचं नाव, पत्ता, खाते क्रमांक अशा वरच्या ओळी काढून टाकायच्या. यातली चूक बहुतेक वेळा लगेच उघडी पडते, कारण सॉफ्टवेअर फाइल नाकारतं. नाकारलेल्या फाइलने नुकसान होत नाही. जी चूक सॉफ्टवेअर मुकाट्याने स्वीकारतं ती शोधायला मात्र महिने लागू शकतात, आणि अशी चूक सर्वाधिक होते ती तारखेत.

एक उदाहरण घेऊ. स्टेटमेंट 19 डिसेंबर 2024 ते 17 जानेवारी 2025 या काळाचं आहे. अमेरिकी बँकांच्या अनेक स्टेटमेंटांत ओळीवर फक्त महिना आणि दिवस छापतात: 12/30, 01/02. वर्ष पहिल्या पानावरच्या कालावधीत असतं. नुसतं 01/02 एक्सेलमध्ये तारीख म्हणून गेलं तर एक्सेल चालू वर्ष स्वतःच जोडतं. म्हणून डिसेंबरच्या ओळींना 2024 आणि जानेवारीच्या ओळींना 2025 हे आपणच लावायचं.

दुसरी गोष्ट चिन्हाची. या स्टेटमेंटांत जमा, चेक, कार्डाने केलेला खर्च, बँकेचे आकार असे वेगवेगळे विभाग असतात आणि रकमा बहुधा चिन्हाशिवाय छापलेल्या असतात. 1,275.50 ही रक्कम आली की गेली, हे ती कोणत्या शीर्षकाखाली आहे त्यावरूनच कळतं. ओळी काढताना विभागाचं नाव शेजारच्या रकान्यात घेतलं नाही तर ही माहिती कायमची हरवते. सगळं नीट बसल्यावर फाइल अशी दिसते:

```
Date,Description,Amount
12/20/2024,DEPOSIT,4500.00
12/30/2024,CHECK 1042,-1275.50
01/02/2025,RENT,-2800.00
01/06/2025,SUPPLIES,-312.48
01/06/2025,REFUND,45.99
01/13/2025,DEPOSIT,3960.00
01/17/2025,SERVICE FEE,-15.00
```

आता ही फाइल कुणी सहज डबलक्लिक करून एक्सेलमध्ये उघडली तर काय होतं ते पाहा. आपल्याकडच्या संगणकावर विंडोजची मांडणी भारताची असते, म्हणजे दिवस आधी आणि महिना नंतर. त्यामुळे 2 जानेवारीचं भाडं एक फेब्रुवारीला जातं आणि 6 जानेवारीच्या दोन्ही ओळी थेट एक जूनला. 01/13/2025 मात्र तारीख म्हणून वाचता येत नाही, कारण तेरावा महिना नसतो. ती नोंद साधा मजकूर म्हणून तशीच राहते. ओळखण्याची खूणही इथेच सापडते: रकान्याला आपण कोणतंही संरेखन दिलेलं नसेल तर एक्सेल खऱ्या तारखा उजवीकडे आणि मजकूर डावीकडे लावतं. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या तर उजवीकडच्या, बरोबर वाटणाऱ्या तारखांवरच संशय घ्यावा.

उपाय म्हणजे फाइल डबलक्लिकने उघडायचीच नाही. एक्सेलच्या `Data` टॅबमधून `From Text/CSV` निवडायचं आणि तारखेच्या रकान्याचा प्रकार मजकूर ठेवायचा. रकाना आधीच मजकूर म्हणून आलेला असेल आणि खऱ्या तारखा हव्या असतील तर `Text to Columns` च्या शेवटच्या पायरीवर `MDY` निवडता येतं. पुन्हा बाहेर काढतानाही एक खोच आहे. एक्सेल सीएसव्हीमध्ये तारीख पडद्यावर दिसते तशीच लिहितं, आणि तारखेच्या साच्यातली तिरकी रेघ संगणकाच्या मांडणीप्रमाणे बदलते. भारतीय मांडणीत तिथे आडवी रेघ येते. ती तिरकीच राहावी म्हणून तिच्या आधी उलटी रेघ द्यावी लागते:

```
=TEXT(A2,"mm\/dd\/yyyy")
```

रकमेच्या बाबतीत हजाराचा स्वल्पविराम सर्वांत त्रासदायक. सीएसव्हीत स्वल्पविराम म्हणजे रकान्याची सीमा, त्यामुळे अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेल्या 4,500.00 चे 4 आणि 500.00 असे दोन तुकडे होतात. डॉलरचं चिन्ह, उणे दाखवणारा कंस, आकड्याच्या मागे लावलेली उणे खूण हे सगळं काढायचं आणि `0.00` हा साचा द्यायचा. पीडीएफमधून कधी कधी उण्याऐवजी तसंच दिसणारं दुसरं चिन्ह किंवा न दिसणारी मोकळी जागा येते. मग आकडा आकडा राहत नाही, मजकूर होतो. `SUM` अशा खान्याला बेरजेत धरत नाही आणि तक्रारही करत नाही. शेजारी `ISNUMBER` लावलं की असे खाने लगेच सापडतात.

मग कस लावायचा तो शिल्लकेचा. या स्टेटमेंटची आरंभीची शिल्लक 18,240.15 डॉलर आहे. वरच्या जमेची बेरीज 8,505.99 आणि खर्चाची 4,402.98. म्हणजे अखेरची शिल्लक 22,343.16 यायला हवी आणि स्टेटमेंटवरही तीच छापलेली हवी. फरक आलाच तर तो बोलका असतो. 45.99 चा परतावा चुकून उणे लिहिला गेला तर फरक 91.98 येतो, बरोबर दुप्पट. म्हणून फरकाच्या निम्मी रक्कम फाइलमध्ये शोधायची. ओळच सुटली असेल तर फरक त्या ओळीच्या रकमेइतका असतो.

पण या ताळ्याची एक मर्यादा आहे. जानेवारीचं भाडं फेब्रुवारीत गेलं तरी बेरीज जुळतेच. म्हणून तारखांची तपासणी वेगळी करावी लागते: सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी तारीख स्टेटमेंटच्या कालावधीत बसते का, हे पाहायचं. एक जून 2025 ही तारीख 17 जानेवारीला संपणाऱ्या स्टेटमेंटमध्ये असूच शकत नाही. ही तपासणी खऱ्या तारखांवरच चालते. मजकूर होऊन बसलेल्या तारखा `MIN` आणि `MAX` दोन्ही वगळतात, म्हणून आधी सगळा रकाना एकाच जातीचा आहे याची खात्री हवी.

चढवताना क्विकबुक्स तारखेची पद्धत आणि कोणता रकाना कशाचा, हे विचारतं. तिथेही `MM/dd/yyyy` जाणीवपूर्वक निवडावं. नोंदी लगेच वहीत जात नाहीत, आधी तपासणीच्या यादीत थांबतात. तिथे पहिल्या काही ओळी पीडीएफशेजारी ठेवून वाचाव्यात. यादीतच चूक दिसली तर त्या नोंदी वगळता येतात. त्या वगळल्याशिवाय दुरुस्त फाइल पुन्हा चढवली तर प्रत्येक व्यवहार दोनदा दिसतो.

शेवटची विनंती: फाइल तयार झाल्यावर 'एकदा बघून घेऊ' म्हणून ती एक्सेलमध्ये उघडून पुन्हा जतन करू नका. तेवढ्यानेच तारखांचा साचा परत बिघडतो. बघायची असेल तर नोटपॅडमध्ये उघडा.