चारशे तासांची बडबड, तेरा हजारांचं बिल

समजा, एका छोट्या संस्थेच्या कपाटात गिरणगावातल्या जुन्या कामगारांच्या मुलाखती पडून आहेत. जॉबर, बदली कामगार, खाणावळवाल्या बाया, १९८२च्या संपाच्या आठवणी. सगळं मिळून ४०० तासांचं ध्वनिमुद्रण. आता हे सगळं मशीनकडून कागदावर उतरवून घ्यायचंय. पैसे मोजून क्लाउडवर पाठवायचं, की घरच्याच कॉम्प्युटरला राबवायचं? हिशोब करायला बसलं की एकेक गमतीशीर गोष्ट निघते.

फुकट ते पौष्टिक, पण थांबा

४०० तास म्हणजे २४,००० मिनिटं. ओपनएआयच्या व्हिस्पर एपीआयचा दर मिनिटाला ०.००६ डॉलर. म्हणजे १४४ डॉलर. डॉलर ९० रुपयांचा धरला तर साधारण १३,००० रुपये, कर वेगळा. गूगलच्या स्पीच-टू-टेक्स्टचा नेहमीचा दर मिनिटाला ०.०१६ डॉलर आहे, त्याने हाच आकडा साडेचौतीस हजारांवर जातो.

आता घरचा हिशोब. व्हिस्परचं मॉडेल ओपनएआयने सप्टेंबर २०२२मध्ये खुलं करून टाकलं. ते उतरवून घ्यायला एक पैसा पडत नाही. १२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर तासाभराची मुलाखत दहा मिनिटांत उरकतो असं धरलं, तर ४०० तासांना सुमारे ६७ तास लागतील. शुक्रवारी संध्याकाळी लावलं तर सोमवारी दुपारपर्यंत हातात. कॉम्प्युटर ३०० वॉट खात असेल तर वीज २० युनिट. दहा रुपये युनिटने २०० रुपये फक्त!

गंमत पुढे आहे. कार्ड नाही म्हणून तेच मॉडेल साध्या प्रोसेसरवर चालवलं आणि ते बोलण्याच्याच वेगाने चाललं, तर ४०० तासांना ४०० तास. सोळा दिवस आणि वर सोळा तास. हा गरीब कॉम्प्युटर दीडशे वॉटच खातो, पण इतके दिवस खात राहतो की वीज ६० युनिट होते. कमी ताकदीच्या मशीनचं बिल ताकदवान मशीनच्या तिप्पट!

दिवसभर अपलोड, तेही वाया

क्लाउड म्हणजे चुटकीसरशी, अशी समजूत असते. मुलाखती सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओ वेव्ह फायलींत असतील तर तासाला ६३५ एमबी होतात. ४०० तासांचे अडीचशे जीबी. घरच्या ब्रॉडबँडने सेकंदाला ५ एमबी वर चढवले तरी चौदा तास नुसते अपलोडात जातील, तेही मध्ये लाइन गेली नाही तर.

आणि एवढं ओझं वर चढवल्यावर व्हिस्पर पहिलं काम काय करतं? स्टिरिओचा मोनो करतं आणि ४४,१०० हर्ट्झचे १६,००० करून टाकतं. बाकीचं फेकून देतं. मग ते आपणच आधी घरी करावं:

```
ffmpeg -i mulakhat.wav -ac 1 -ar 16000 -c:a libmp3lame -b:a 32k mulakhat.mp3
```

आता तासाची फाइल साडेचौदा एमबीची झाली. चारशेच्या चारशे मिळून पावणेसहा जीबी, म्हणजे वीस मिनिटांचं अपलोड. दुसरा फायदा असा, की एपीआयला एका वेळी २५ एमबीपेक्षा मोठी फाइल चालत नाही. फायली कापायची कटकट आपोआप चुकते. मूळ वेव्ह फायली मात्र पुसायच्या नाहीत, त्या जपून ठेवायच्याच.

गूगलकडे जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. मुलाखतकाराचा माइक डाव्या बाजूला, आजोबांचा उजव्या बाजूला, असं स्टिरिओ ध्वनिमुद्रण असेल आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या उतरवायला सांगितल्या, तर प्रत्येक बाजूचं बिल वेगळं लागतं. आजोबा बोलत असताना मुलाखतकार गप्प बसलाय, त्या गप्प बसण्याचेही पैसे!

एकदा फायली वर चढल्या की मात्र वेगात क्लाउडचा हात कुणी धरू शकत नाही. तिथे एकामागून एक रांग लावायची गरज नसते, अनेक फायली एकदम पाठवता येतात. घरच्या ६७ तासांचं काम दुपारच्या जेवणाच्या आत होऊ शकतं.

मराठीला मशीनही जास्त वेळ घेतं

कार्डांच्या वेगाचे आकडे वाचून हुरळून जाऊ नये, कारण ते सहसा इंग्रजी बोलण्यावर मोजलेले असतात. व्हिस्पर मजकूर लिहितं तो टोकन नावाच्या तुकड्यांत. इंग्रजी शब्द बऱ्याचदा एकाच तुकड्यात बसतो. देवनागरीचं एकेक चिन्ह मुळात तीन बाइटचं, त्यामुळे शब्दाचे कितीतरी तुकडे पडतात. तुकडे जास्त म्हणजे वेळ जास्त. क्लाउडवाला मिनिटावर पैसे घेतो, त्यामुळे हा भुर्दंड त्याचा. घरी तो आपला.

पण खरी मजा वेगळ्याच कोपऱ्यात आहे. व्हिस्पर कधीकधी अडकतं आणि एकच वाक्य पुन्हापुन्हा लिहीत सुटतं. ते ओळखायची त्याची युक्ती मोठी झकास आहे: लिहिलेला मजकूर ते झिप करून पाहतं. तेच तेच लिहिलं असेल तर झिप फारच लहान होते. मजकूर २.४ पटींपेक्षा जास्त आवळला गेला, की ‘काहीतरी घोळ आहे’ असं ठरवून ते तोच तुकडा जरा वेगळ्या पद्धतीने पुन्हा लिहितं. पुन्हा तेच झालं तर आणखी एकदा. एकूण सहा वेळांपर्यंत.

आता देवनागरी घ्या. प्रत्येक चिन्हाच्या तीन बाइटांतले पहिले दोन जवळजवळ सारखेच असतात. म्हणजे आपला अगदी शुद्ध, एकदाही न अडखळलेला मजकूरही झिपमध्ये इंग्रजीपेक्षा बराच जास्त आवळला जातो आणि सहज ती रेषा ओलांडू शकतो. बिचारं मशीन बरोबर लिहिलेलं पुसून पुन्हा लिहीत बसतं आणि आपण म्हणतो, कार्डच मंद आहे!

हे होतंय का, ते कळायला सोपं आहे. `faster-whisper` वापरत असाल तर तपशीलवार लॉग चालू करून बघा. `Compression ratio threshold is not met` ही ओळ दर तुकड्याला दिसायला लागली, की समजावं. मग मुलाखतीतल्या अर्ध्या मिनिटाच्या बोलण्याइतका मजकूर स्वतः बरोबर टाइप करायचा आणि त्याचा आकडा काढायचा:

```python
import zlib
b = open("namuna.txt", encoding="utf-8").read().encode("utf-8")
print(len(b) / len(zlib.compress(b)))
```

असे चार-पाच नमुने मोजून `compression_ratio_threshold` त्यांच्या थोडं वर ठेवायचं. फार वर नाही, नाहीतर खरोखरची रटाळ पुनरावृत्ती सुटून जाईल.

शांततेलाही शब्द फुटतात

आजोबा गहिवरले, मिनिटभर कुणीच बोललं नाही. माणूस तिथे काही लिहिणार नाही. व्हिस्पर मात्र अशा रिकाम्या जागेत कुणीही न बोललेलं वाक्य ठोकून देऊ शकतं. इंग्रजीत ते चक्क व्हिडिओ पाहिल्याबद्दल आभार मानून मोकळं होतं. यूट्यूबछाप उपशीर्षकांचा हा संस्कार! घरी यावर `faster-whisper`मध्ये `vad_filter=True` हा उपाय आहे. तो आधी बोलणं कुठे आहे ते शोधतो, शांतता गाळतो आणि वेळेच्या नोंदी मात्र मूळ फाइलप्रमाणेच ठेवतो. क्लाउडसाठी शांतता आपणच कापून पाठवली तर बिलही उतरतं, पण मग ‘बाविसाव्या मिनिटाला काय म्हणाले’ हे शोधताना घोळ होतो. वाचणारे हजार-दोन हजार त्या डोकेदुखीपुढे काहीच नाहीत असं माझं मत.

सगळ्यात महाग यंत्र खुर्चीत बसलेलं असतं

आता तो आकडा, जो दरपत्रकात कुठेच नसतो. पहिल्या व्हिस्परला ६,८०,००० तासांचं ध्वनिमुद्रण ऐकवून शिकवलं होतं. त्यात मराठी बोलणं आणि त्याचाच मराठी मजकूर अशी जोडी किती तासांची होती? एक तासही नाही! पुढच्या आवृत्त्या सुधारल्या, तरी गिरणीतला माणूस ‘त्रासन खातं’ म्हणाला की मशीन ‘शासन खातं’ लिहून मोकळं होऊ शकतं. असे शब्द `initial_prompt`मध्ये आधी देता येतात, पण तिथे जेमतेम २२४ टोकन मानली जातात आणि देवनागरीत ती डझन-दोन डझन शब्दांत संपतात.

म्हणजे तपासायला माणूस हवाच. समजा, तो तासाला १५० रुपये घेतो. एका मॉडेलचा मजकूर सुधारायला मुलाखतीच्या तासामागे दोन तास लागतात, दुसऱ्याचा सुधारायला तीन. फरक एका तासाचा, पण ४०० मुलाखती-तासांवर तो ६०,००० रुपयांचा होतो. ज्या १३,००० रुपयांवरून आपण वाद घालत होतो, त्याच्या चौपटीहून जास्त!

म्हणून आधी चुका मोजायच्या, पैसे नंतर. चारशे तासांतून पाच तास वेचायचे, पण चांगल्या आवाजाचे नव्हे: एक कोकणी वळणाची आजी, एक साताऱ्याकडचा जॉबर, एक रस्त्याच्या गोंगाटातली, एक जुन्या कॅसेटवरून घेतलेली आणि एक साधी. तीच पाच क्लाउडवर, तीच घरच्या व्हिस्परवर आणि तीच आयआयटी मद्रासच्या एआय४भारत गटाच्या इंडिककन्फॉर्मरवर चालवायची. हे शेवटचं खास भारतीय भाषांसाठी बनवलेलं मॉडेल आहे आणि तेही घरी चालतं. मग तिन्हींचा मजकूर एकाच माणसाला सुधारायला द्यायचा आणि घड्याळ लावायचं. त्याला दुसऱ्यांदा तीच मुलाखत सोपी जाते, म्हणून क्रम दर वेळी बदलायचा. क्लाउडच्या पाच तासांचा खर्च व्हिस्परच्या दराने १६२ रुपये.

राहिला प्रश्न कार्ड विकत घेण्याचा. ते ३०,००० रुपयांना पडलं असं धरा. क्लाउडला तासामागे ३२ रुपये ४० पैसे, घरच्या विजेला पन्नास पैसे. म्हणजे साधारण ९४० तास चालवल्यावर कार्डाचे पैसे फिटतात. ४०० तासांसाठी कार्ड घेणं तोट्याचं, हे उघड आहे. पण हे काम एका फेरीत कधीच संपत नाही. शब्दयादी वाढली की पुन्हा चालवा, झिपची रेषा बदलली की पुन्हा, नवं मॉडेल आलं की पुन्हा. क्लाउड दर फेरीला पुन्हा १३,००० घेतो. तिसऱ्या फेरीपर्यंत १,२०० तास होतात, आणि कार्डाचे पैसे तिच्या मध्याआधीच फिटलेले असतात. कुणी मुलाखत देतानाच ‘हे बाहेर कुठे पाठवू नका’ अशी अट घातली असेल, तर त्या फायलींपुरता एवढा हिशोबही लागत नाही. त्या घरच्या मशीनवरच चालवायच्या, सोळा दिवस लागले तरी.