शेजारचा हायड्रोजन

टीवायच्या वह्या तपासताना 3-मिथाइल-1-ब्युटीनपाशी माझा हात थांबतो. या अल्कीनवर HCl ची क्रिया झाली की काय मिळतं? बहुतेक मुलं मार्कोव्हनिकोव्हचा नियम लावून क्लोरीन दुसऱ्या कार्बनवर बसवतात. उत्तर चूक नाही, अपुरं आहे. नायट्रोमिथेनमध्ये 25 अंशांना हे संयुग जेमतेम 40 टक्के मिळतं. उरलेल्या 60 टक्क्यांत क्लोरीन तिसऱ्या कार्बनवर असतो, म्हणजे जिथे दुहेरी बंध कधी नव्हताच तिथे.

मी फळ्यावर सावकाश काढतो.

(CH₃)₂CH–CH=CH₂

प्रोटॉन टोकाच्या कार्बनला चिकटतो आणि धनप्रभार दुसऱ्या कार्बनवर येतो. हा झाला द्वितीयक कार्बोकॅटायन. त्याला लागूनच तिसरा कार्बन आहे, आणि त्याच्यावर एक हायड्रोजन. तो आपल्या बंधातली इलेक्ट्रॉनची जोडी घेऊन पलीकडे सरकतो. प्रभार मागे, तिसऱ्या कार्बनवर राहतो. आता तिथे तीन कार्बन जोडलेले, म्हणजे कार्बोकॅटायन तृतीयक, जास्त स्थिर. मुलं इथेच चुकतात. बाण हायड्रोजनच्या अक्षरापासून काढतात, किंवा थेट प्रभारापासूनच. बाण C–H बंधापासून निघायला हवा, कारण सरकते ती जोडी. हायड्रोजन कुठेही सुटा होत नाही, म्हणून तर आपण त्याला हायड्राइड शिफ्ट म्हणतो.

मग सगळंच उत्पादन तृतीयक का होत नाही? कारण क्लोराइडही तिथे टपलेलाच असतो. हायड्रोजन सरकण्याआधी त्यानं गाठलं, तर द्वितीयक क्लोराइड कायमचा ठरतो. ही शर्यत आहे, आणि मला या विषयात सर्वांत आवडते ती हीच गोष्ट.

3,3-डायमिथाइल-1-ब्युटीनमध्ये तिसऱ्या कार्बनवर हायड्रोजनच नाही. तिथे अख्खा मिथाइल गट जोडीसकट सरकतो आणि 2-क्लोरो-2,3-डायमिथाइलब्युटेन मिळतं. सांगाडाच बदलतो.

कागदावरचं हे खरं कशावरून? 3-मिथाइल-1-ब्युटीनच्या उत्पादनांचा एनएमआर बघा. क्लोरीन असलेल्या CH चा संकेत 4 पीपीएमच्या आसपास येतो, आणि तो फक्त न सरकलेल्या द्वितीयक संयुगाचा असतो. दोन्ही संयुगांत हायड्रोजन अकराच. म्हणून दोघांचं मिळून क्षेत्रफळ 11 धरलं आणि 4 जवळ 0.4 आलं, तर द्वितीयक 40 टक्के. मात्र नायट्रोमिथेनचा संकेत 4.3 ला, अगदी शेजारीच येतो. तो मोजणीत शिरला की आकडा फुगतो. एका बॅचला त्यामुळे द्वितीयक 70 टक्के मिळालं होतं, आणि ती मुलं हायड्राइड शिफ्टच नाकारायला निघाली होती.

HBr आणि पेरॉक्साइड एकत्र वापरलं, तर मात्र यातलं काही शोधू नका. तिथे मधला घटक रॅडिकल असतो. ना हायड्रोजन सरकतो, ना मिथाइल, आणि ब्रोमीन टोकाच्या कार्बनवर बसतो.