वेबसाइटचा मासिक रतीब

वेबसाइट बनवून दिली, पैसे मिळाले, हिशेब मिटला. आणि मग फोन सुरू होतात. ‘मे महिन्याचे दर बदलायचेत, दोन मिनिटांचं काम आहे.’ ‘फोन नंबर बदललाय.’ ‘नवीन खोल्यांचे फोटो टाकाल का?’ एकट्याने काम करणाऱ्या वेब डिझायनरला हे फोन कटकट वाटतात. तो निम्मी कामं फुकट करतो आणि उरलेली टाळतो. खरं तर मासिक कामाची मागणी याच फोनांतून येत असते. गिऱ्हाईक ती मागणी करतंय, फक्त तिला अजून दर लागलेला नाही.

समजा, पुण्यातल्या एका डिझायनरने गुहागरच्या एका होमस्टेची वर्डप्रेसवरची वेबसाइट ४० हजारांत करून दिली. कोटेशनमध्येच त्याने एक ओळ लिहिली होती: ‘साइट सुरू झाल्यापासून तीन महिने किरकोळ बदल मोफत, त्यानंतर मासिक देखभाल वेगळी.’ ही ओळ पहिल्या दिवशी लिहिलेली असली की पुढचं बोलणं सोपं जातं. नंतर अचानक पैशांचा विषय काढला, तर मालकाला ‘आता हा फोन उचलायचेही पैसे घेणार’ असं वाटतं.

त्या तीन महिन्यांत प्रत्येक कामाची वेळ वहीत टिपून ठेवायची. आपल्या डिझायनरचे बदलांवर सहा तास गेले, म्हणजे महिन्याला दोन. शिवाय मालकाला न दिसणारं काम असतं: वर्डप्रेस आणि प्लगइन अपडेट करणं, बॅकअप घेणं, आणि तो बॅकअप परत चढतो का हे वेगळ्या प्रतीवर तपासणं. चौकशीचा फॉर्म भरून पाहणं यात सगळ्यात महत्त्वाचं. फॉर्म बिघडला तरी पडद्यावर कधीकधी ‘धन्यवाद’ दिसतं, ईमेल मात्र पोचत नाही किंवा स्पॅममध्ये जाऊन पडतो. मालकाला वाटतं, यंदा गर्दीच नाही. या सगळ्याला दीड तास आणि महिनाअखेरच्या अहवालाला अर्धा, असे एकूण चार तास झाले.

आता दर. त्याला महिन्याला ६० हजार मिळवायचे आहेत, पण कामं शोधण्यात आणि बोलण्यात वेळ जाऊन पैसे देणारे तास शंभरच उरतात. म्हणजे तासाला ६००. चार तासांचे २४००, बॅकअपच्या जागेचे २००, आणि थोडा वाव ठेवून पॅकेज ३००० रुपयांचं.

मालकाला मात्र तास विकू नयेत. त्यांच्यापुढे तीन महिन्यांत झालेल्या कामांची यादी ठेवावी आणि म्हणावं, ‘काका, एवढं सगळं झालं. यापुढे महिन्याला तीन हजारांत हे चालू ठेवतो. दर आणि फोटो बदलायला सांगितलंत की दोन कामाच्या दिवसांत होईल. फॉर्म आणि बॅकअप दर महिन्याला तपासून कळवेन.’ काय मिळणार नाही, तेही तिथेच सांगावं: नवीन पानं, ऑनलाइन बुकिंग, जाहिराती यांचं कोटेशन वेगळं.

बदलांचे दोन तास वापरले नाहीत तर ते संपतात, असा सर्वसाधारण नियम असतो. होमस्टेला तो जाचक होईल, कारण मे आणि दिवाळीला बदल धो धो येतात, जुलैत एकही नाही. अशा हंगामी धंद्याला तीन महिन्यांचे मिळून सहा तास द्यावेत. पैसे मात्र दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत आगाऊ घ्यावेत. यूपीआय ऑटोपे लावलं की आठवण करून द्यायचा अवघडपणा टळतो.

व्यवस्था मोडते ती दोन ठिकाणी. शांत महिन्यात मालक विचारतात, ‘या महिन्यात काय केलंत?’ त्याचं उत्तर प्रश्नाआधी पोचायला हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाच ओळी पुरतात. दुसरं उलट टोक: ‘एवढंसं करा ना’ म्हणत चाराचे सात तास होतात. २०० रुपये वजा जाता उरलेले २८०० सातांनी भागले की तासाला ४०० पडतात. सलग दोन महिने असं झालं, तर वही दाखवून दर वाढवावा किंवा काम कमी करावं. मनातल्या मनात कुढत राहणारे डिझायनर शेवटी फोन उचलणंच बंद करतात.

प्रत्येक गिऱ्हाइकाला हे विकायला जाऊ नका. ज्यांच्या साइटवर वर्षभर एक अक्षर बदलत नाही, त्यांना वर्षातून एकदा तपासणी पुरे. आणि डोमेन व होस्टिंग कायम गिऱ्हाइकाच्याच नावावर ठेवा, महिन्याची सूचना देऊन त्याला केव्हाही थांबता येईल असं लिहून द्या. डोमेन स्वतःच्या नावावर अडकवून मिळवलेलं मासिक काम म्हणजे अडवणूक आहे.