मुलाची दहावी, आईची ड्युटी : बाल संगोपन रजा मागायची कशी?

सोलापूर : जानेवारी संपत आला की जिल्हा परिषदेच्या शाळांत, आरोग्य उपकेंद्रांत आणि तालुक्याच्या कचेऱ्यांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "पोरगं दहावीला आहे, परीक्षेला घरी थांबायचंय, रजा मिळंल का?" मग कुणी सांगतं, अर्जित रजा टाका. कुणी सांगतं, व्हॉट्सअॅपवर आलंय, बायकांना 730 दिवस मिळतात. साहेब म्हणतात, "मार्च एंड आहे, आत्ता रजेचं नाव काढू नका." यातलं खरं किती, ते सरळ भाषेत पाहू.

ही रजा कुणाला आहे?

राज्य सरकारच्या वित्त विभागाने 23 जुलै 2018 रोजी बाल संगोपन रजेचा शासन निर्णय काढला. त्यानुसार राज्य शासनाच्या महिला कर्मचारी, जिल्हा परिषदेच्या महिला कर्मचारी आणि शिक्षिका, तसेच अनुदानित शाळा-महाविद्यालयांतल्या महिला कर्मचारी यांना पूर्ण नोकरीत मिळून 180 दिवसांची भरपगारी रजा घेता येते. ही रजा अर्जित रजेच्या खात्यातून वजा होत नाही. तिचा हिशेब सेवापुस्तकात वेगळा ठेवला जातो.

वडिलांना ही रजा दोनच परिस्थितींत मिळते. एक म्हणजे पत्नी हयात नसेल, आणि दुसरी म्हणजे पत्नी असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल. बाकीच्या वडिलांनी मुलाच्या परीक्षेसाठी अर्जित रजा किंवा किरकोळ रजाच टाकायची.

730 दिवसांचा आकडा खोटा नाही, पण तो केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा आहे. सोलापूर रेल्वे विभागात किंवा पोस्टात नोकरीला असलेल्या ताईंना केंद्राचे नियम लागू होतात. झेडपीच्या शिक्षिकेने तो मेसेज दाखवून 730 दिवस मागितले तर अर्ज तिथंच अडकतो.

अंगणवाडी सेविका, आशाताई आणि कंत्राटी कर्मचारी मानधनावर किंवा करारावर असतात. त्यांच्या रजा त्यांच्या नेमणुकीच्या अटींप्रमाणे ठरतात, त्यामुळे हा शासन निर्णय जोडून त्यांनी अर्ज करू नये.

दोन अटी आधीच तपासा

पहिली अट वयाची. मूल 18 वर्षांचं होईपर्यंतच ही रजा मिळते. दहावीला याची अडचण येत नाही, बारावीला येते. उदाहरण घ्या. 2025 साली बारावीची परीक्षा 11 फेब्रुवारीला सुरू झाली. एखाद्या मुलीचा जन्म 5 फेब्रुवारी 2007 चा असेल, तर पेपर सुरू व्हायच्या आधीच ती 18 वर्षांची झाली. तिच्या आईला या परीक्षेसाठी बाल संगोपन रजा बसत नाही. तिच्याच वर्गातली जून 2007 मध्ये जन्मलेली मुलगी मात्र बसते. म्हणून अर्ज लिहायच्या आधी जन्मदाखला हातात घ्या.

दुसरी अट अपत्यांची. हयात असलेल्या पहिल्या दोन मोठ्या मुलांसाठीच ही रजा आहे. तिसरं मूल दहावीला असेल तर दुसरी रजा शोधावी लागते.

एक हिशेब करून पाहू

समजा, मोहोळ तालुक्यातल्या एका उपकेंद्रात एक आरोग्य सेविका आहे. मालक शेतीत, सासू-सासरे वयस्कर. मुलगा दहावीला. 2025 ची दहावीची परीक्षा 21 फेब्रुवारीला सुरू झाली आणि 17 मार्चला संपली.

ताईंनी ठरवलं, पेपरच्या चार दिवस आधीपासून घरी थांबायचं. म्हणजे सोमवार 17 फेब्रुवारी ते सोमवार 17 मार्च. फेब्रुवारीचे 12 दिवस आणि मार्चचे 17, एकूण 29 दिवस. मधले रविवार आणि सणाच्या सुट्ट्या वेगळ्या काढायच्या नाहीत, त्या रजेतच मोजल्या जातात. रजेच्या आधी आलेला 16 फेब्रुवारीचा रविवार मात्र जोडून मागता येतो, तो 29 मध्ये धरला जात नाही. तसं अर्जात लिहायला विसरू नका. 180 मधून 29 गेले, 151 उरले. धाकट्या मुलीची दहावी अजून यायची आहे, म्हणून हे उरलेले दिवस जपून वापरायचे. एका वर्षात किती दिवस आणि किती टप्प्यांत रजा घेता येते, ते चालू शासन निर्णयात आस्थापनेच्या लिपिकाकडून बघून घ्या.

प्रवेशासाठी वेगळी रजा ठेवा

पुष्कळ जण परीक्षेच्या अर्जातच जूनच्या प्रवेशाचेही आठ-दहा दिवस मागून ठेवतात. तिथं फसगत होते.

2025 पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. त्या वर्षी दहावीचा निकाल 13 मेला लागला, पण पहिली प्रवेश यादी पुढे जात जात 28 जूनला आली. ज्यांनी जूनच्या मध्यात रजा मंजूर करून घेतली होती, त्यांची रजा घरी बसून गेली आणि यादी लागली तेव्हा ड्युटी होती.

प्रवेशाचं खरं काम दोन टप्प्यांत असतं. पहिला टप्पा कागदांचा. जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, यातलं जे लागतं त्यासाठी सेतू आणि तहसीलला चकरा होतात. हे काम निकालाची वाट न बघता मार्च-एप्रिलमध्ये एक-दोन किरकोळ रजांत उरकता येतं. दुसरा टप्पा यादी लागल्यानंतरचा. कॉलेज मिळालं की ठरलेल्या मुदतीत जाऊन प्रवेश पक्का करायचा असतो. 2025 ला पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही जे गेले नाहीत, त्यांना पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर राहावं लागलं. म्हणून किरकोळ रजेचे दोन दिवस जुलैसाठी हातात राखून ठेवा.

एक लक्षात असू द्या. किरकोळ रजा बाल संगोपन रजेला जोडून घेता येत नाही. मध्ये कामावर हजर व्हावंच लागतं.

अर्ज कसा लिहायचा?

"घरगुती कारणास्तव रजा मिळावी" असं एका ओळीत लिहिलेला अर्ज नाकारायला सोपा असतो. रजेचा प्रकार, शासन निर्णयाची तारीख, मुलाचं वय, परीक्षेच्या तारखा आणि आपल्या मागे काम कोण बघणार, एवढ्या पाच गोष्टी अर्जात असाव्यात. नमुना असा :

*प्रति, मा. वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र ______.*

*विषय : बाल संगोपन रजा मंजूर होणेबाबत.*

*संदर्भ : वित्त विभाग शासन निर्णय दि. 23 जुलै 2018.*

*महोदय, मी उपकेंद्र ______ येथे आरोग्य सेविका म्हणून कार्यरत आहे. माझा मुलगा (जन्मतारीख ______) हा माझे पहिले अपत्य असून तो दहावीच्या परीक्षेस बसला आहे. परीक्षा दि. ______ ते ______ या काळात आहे. त्यासाठी मला दि. ______ ते ______ अशी ______ दिवसांची बाल संगोपन रजा, दि. ______ चा रविवार रजेपूर्वी जोडून, मंजूर करावी ही विनंती. यापूर्वी मी ही रजा ______ दिवस घेतली असून ______ दिवस शिल्लक आहेत. माझ्या रजेच्या काळात उपकेंद्राचे काम पाहण्यास ______ यांनी संमती दिली आहे. सोबत जन्मदाखला, शाळेचे बोनाफाईड, परीक्षेचे वेळापत्रक व विहित नमुन्यातील रजा अर्ज जोडला आहे.*

हॉल तिकीट हातात यायची वाट बघू नका. बोर्ड वेळापत्रक काही महिने आधीच जाहीर करतं, ते आणि बोनाफाईड जोडून डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अर्ज द्या. अर्ज खालून वर जायला वेळ लागतो, आणि मार्च जवळ आला की प्रत्येक टेबलावर हिशेबाची गर्दी असते. अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि तिच्यावर आवक क्रमांक व तारीख टाकून घ्या.

साहेब नाही म्हणाले तर?

रजा हा हक्क नाही, असं रजेचे नियमच सांगतात. त्यामुळे "शासन निर्णय आहे, द्यावीच लागेल" अशी भाषा उपयोगाची नाही. पण याचा अर्थ मनाला येईल तसं नाकारावं, असाही होत नाही.

याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा 15 एप्रिल 2014 चा निकाल माहीत असावा. अंदमान-निकोबार प्रशासनातल्या एका महिला कर्मचाऱ्याचा मुलगा दहावीला होता. त्यांनी आधी सहा महिन्यांची रजा मागितली. अर्ज पडून असतानाच त्यांची बदली झाली. नंतर त्यांनी दोन वर्षांची रजा मागितली, तेव्हा प्रशासनाने फक्त 45 दिवस दिले. प्रशासकीय न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने आदेश दिला, उच्च न्यायालयाने तो फिरवला, आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाचा आदेश पुन्हा कायम केला. कोर्टाने म्हटलं, ही रजा हक्काने मागता येत नाही हे खरं, पण 45 दिवस कशासाठी, याचं कारण प्रशासनाने दाखवलेलं नाही.

हा निकाल केंद्राच्या नियमावर आहे. तो दाखवून राज्याच्या कर्मचाऱ्याचे 180 चे 730 होत नाहीत. पण नकाराला कारण असलं पाहिजे, हा त्यातला मुद्दा आपल्याही कामाचा आहे.

म्हणून नकार तोंडी आला तर नम्रपणे सांगा, "साहेब, अर्जावर शेरा लिहून द्या." कारण लेखी आलं की वाट काढता येते. मनुष्यबळ नाही असं कारण असेल, तर शेजारच्या उपकेंद्राच्या ताईंची लेखी संमती जोडा. दिवस जास्त वाटत असतील, तर 29 ऐवजी पेपरच्या 25 दिवसांचा सुधारित अर्ज द्या. तरीही नाही म्हटलं, तर त्या शेऱ्याची प्रत जोडून वरच्या अधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

एक चूक मात्र करू नका. अर्ज टाकला म्हणजे रजा मंजूर झाली असं धरून घरी बसू नका. मंजुरीआधीची गैरहजेरी अनधिकृत धरली जाऊ शकते. त्यात पगार तर कापला जातोच, सेवेत खंडही पडू शकतो, आणि तो पुढे पेन्शनच्या वेळी आडवा येतो. मंजुरीचा आदेश हातात घ्या, चार्ज लेखी द्या, मग घरी थांबा. रजा संपून हजर झाल्यावर महिन्याभरात सेवापुस्तकात नोंद झाली का, किती दिवस शिल्लक दाखवले, हे स्वतः जाऊन बघून या.