मोटर गेली की फक्त कपॅसिटर?

दहा वर्षं वापरलेल्या टॉप लोड मशीनची मोटर नुसतीच गुणगुणते, फिरत नाही? पहिला संशय कपॅसिटरवर घ्या. तो गेला की मोटरला सुरुवातीचा झटका मिळत नाही. बदलायचा खर्च साधारण काही शे रुपये. स्वतः मात्र हात लावू नका. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते.

जळका वास येत असेल तर बहुधा मोटरचं वाइंडिंगच जळालं. तरीही मोटर मागवण्याआधी प्लग काढून रिकामा ड्रम हाताने फिरवा. घरघर ऐकू आली, शिवाय खालून पाणी गळत असेल, तर बेअरिंग आणि सीलही संपत आलेत. (हे मेकॅनिक आधी सांगेलच असं नाही.) सगळं मिळून खर्च नव्या मशीनच्या निम्म्यावर जात असेल, तर नवं घ्या.