पहाटेचा गिरिदुर्ग : संगणकाला वर्णन कसे द्यावे?

ग्रामपंचायतीची स्मरणिका, शाळेचे भित्तिपत्रक किंवा पर्यटनाची माहितीपुस्तिका यांसाठी किल्ल्याचे चित्र हवे असल्यास, संगणकाला शब्दांत वर्णन देऊन ते आता तयार करून घेता येते. या लेखी वर्णनास ‘प्रॉम्प्ट’ असे म्हणतात. ‘सूर्योदयाच्या वेळचा भव्य डोंगरी किल्ला, दरीत धुके’ एवढेच वर्णन दिले, तर पुष्कळदा टोकदार मनोऱ्यांचा, सुळक्यावर उभा असलेला युरोपीय धाटणीचा किल्ला समोर येतो. ही साधने असंख्य चित्रे आणि त्यांखालील वर्णने यांवरून शिकलेली असतात आणि त्यांत युरोपातील किल्ल्यांची चित्रे विपुल असतात. सह्याद्रीतील गड हवा असेल, तर तो कशामुळे वेगळा दिसतो हे वर्णनातच सांगावे लागते.

आधी डोंगर, मग बांधकाम

सह्याद्रीचा काळा पाषाण हा लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तयार झालेला बेसॉल्ट होय. त्यामुळे येथील डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे, आडव्या थरांचे आणि बहुधा सपाट माथ्याचे दिसतात. गडाचे बहुतांश संरक्षण उभा कातळकडाच करतो. तट त्या कड्याला जोड म्हणून येतो. म्हणून वर्णनात प्रथम डोंगराचा आकार आणि नंतर तट-बुरूज सांगावेत. ‘माची’सारखा शब्द साधनाला उमगेलच असे नाही, ‘डोंगराची तटबंदी केलेली लांब, अरुंद धार’ असे लिहिणे अधिक सुरक्षित. तसेच ‘मनोरे नकोत’ असे लिहिल्याने कित्येकदा मनोरेच उमटतात, कारण साधन ‘मनोरे’ हा शब्द उचलते आणि नकार निसटतो. जे नको ते सांगण्याऐवजी ‘सपाट माथा, बुटका गोल बुरूज’ असे जे हवे ते सांगावे.

दगड दिसणे आणि प्रमाण राखणे

दगडी बांधकाम ठळक दिसावे आणि गड विशालही वाटावा, या दोन अपेक्षांत एक अडचण दडलेली आहे. उदाहरणादाखल, १०२४ बिंदू उंचीच्या चित्रात ६० मीटर उंचीचा कडा ४०० बिंदूंची जागा व्यापतो असे धरू. त्या प्रमाणात ६ मीटरचा तट ४० बिंदूंचा, माणूस सुमारे ११ बिंदूंचा आणि ३० सेंटिमीटरचा दगड अवघा २ बिंदूंचा होतो. म्हणजे तेवढ्या अंतरावरून दगडांचे सांधे दिसणेच शक्य नाही. तरीही चित्रात दूरच्या तटाचा दगड न् दगड मोजता येत असेल, तर एकेक दगड माणसाएवढा ठरतो. अथवा पाहणाऱ्याची नजर दगड नेहमीच्या आकाराचा समजते आणि सबंध गड खेळण्याएवढा लहान भासतो. प्रमाण बिघडण्याचे हे मुख्य कारण होय.

यावर उपाय असा की, दगडी काम जवळ आणावे आणि गड दूर ठेवावा. अग्रभागी तटाचा एक तुकडा घ्यावा. त्याचे सांधे, झीज, फटींतील गवत तेथेच दाखवावे. दूरच्या गडाचा तट मात्र कड्याच्या काठावर बारीक रेषेसारखा असावा. दोहोंच्या मध्ये एखाददुसरी लहान मानवी आकृती ठेवली, की डोळ्यांना मोजपट्टी मिळते. ‘६० मीटर’ असा आकडा लिहून फारसे साधत नाही, कारण साधन मोजमाप करीत नाही; ‘माणसाच्या छातीइतका तट’ अशी तुलना त्याला अधिक उपयोगी पडते.

राजगडाचे उदाहरण

पुणे जिल्ह्यातील राजगडाचा समावेश २०२५ साली जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत आहे. त्याच्या पूर्वेकडील सुवेळा माचीवरून पश्चिमेस पाहिले असता मधोमध बालेकिल्ला दिसतो. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेस उगवतो. म्हणजे तो पाहणाऱ्याच्या मागे, डाव्या हाताला असतो. बालेकिल्ल्याची समोरची बाजू उजळते आणि सावल्या उजवीकडे पुढे पडतात. सूर्य गडाच्या मागे ठेवल्यास गड केवळ काळी आकृती होऊन दगडी काम हरवते. अग्रभागीचा तटही माचीच्या उजव्या काठावर हवा. डाव्या काठावरील तटाची आतली बाजू या वेळी सावलीत असते.

धुक्याचेही असेच. हिवाळ्यातील निरभ्र, शांत रात्री जमीन निवते, थंड जड हवा उतारांवरून दरीत उतरते आणि तेथील बाष्पाचे धुके होते. ते पाण्यासारखे सपाट पृष्ठभाग धरून दरीत साचते आणि माथा मोकळा राहतो. पावसाळ्यात गडाला वेढणारे ढग निराळे. त्यांत ना कोवळे ऊन दिसते, ना तट. ऋतू हिवाळ्याचा सांगितला, तर गवतही हिरवेगार नव्हे, पिवळसर हवे. हे सर्व ध्यानात घेऊन पुढील वर्णन तयार होते :

```
सह्याद्रीतील डोंगरी किल्ला, डिसेंबरची शांत
सकाळ, छायाचित्रासारखे वास्तव चित्र.
जवळ उजवीकडे: काळ्या घडीव दगडांचा, माणसाच्या
छातीइतका तट; सांधे स्पष्ट, फटींत वाळलेले गवत.
मध्ये: अरुंद डोंगरधार, पायवाटेवर दोन अगदी
लहान माणसे.
तटापलीकडे: खोल दरी, तिच्यात सपाट
पृष्ठभागाचे पांढरे धुके.
दूर: सपाट माथ्याचा, आडव्या थरांचा कातळकडा;
काठावर बारीक रेषेसारखा तट.
सूर्य चित्राबाहेर, मागे डावीकडे; कोवळे केशरी
ऊन, सावल्या उजवीकडे; दूरचे डोंगर फिकट निळसर.
```

इंग्रजी वर्णनांवरच प्रामुख्याने शिकलेल्या साधनास हाच मजकूर इंग्रजीत द्यावा.

चित्र तपासताना

पहिलेच चित्र बरोबर येईल असे नाही. तेच वर्णन पुन्हा दिले तरी निराळे चित्र येते. म्हणून एका वेळी एकच शब्दसमूह बदलावा, म्हणजे कशाचा परिणाम काय झाला हे कळते. छापील प्रतीवर पट्टी ठेवून माणसाची उंची मोजावी आणि जवळपासच्या तटाशी ताडून पाहावी. वर्णनात छातीइतका सांगितलेला तट माणसाच्या दुप्पट आला असेल, तर प्रमाण चुकले. जवळच्या तटाची आणि दूरच्या कड्याची सावली एकाच दिशेस पडते का, धुक्याची वरची कड आडवी आहे का, हेही पाहावे. सावल्या दोन दिशांना पडत असतील, तर प्रकाशाचे वाक्य वर्णनाच्या आरंभी नेऊन पाहावे.

एवढे करूनही जे हाती येते ते राजगडासारख्या गडाचे चित्र असते, राजगडाचे नव्हे. बुरुजांची संख्या, दरवाजाचे स्थान, तटाची वळणे साधनाने कल्पनेनेच भरलेली असतात. असे चित्र पुस्तिकेत राजगडाचे म्हणून छापले, तर विद्यार्थी तेच खरे मानतील आणि गडावर नसलेला बुरूज त्यांच्या मनात कायमचा उभा राहील. म्हणून चित्राखाली ‘संगणकनिर्मित कल्पनाचित्र’ असे ठळकपणे छापावे आणि प्रत्यक्ष बांधकामाची माहिती द्यावयाची असेल तेथे छायाचित्र अथवा मोजणीचा नकाशाच वापरावा.